हवा किती आणि चेन किती ढिली?

शोरूममधून नवी मोटरसायकल बाहेर पडते तेव्हा हँडलला हार असतो, चाकाखाली लिंबू असतं आणि मालकाच्या हातात एक पिशवी असते. पिशवीत विम्याचे कागद, दुसरी किल्ली आणि गाडीची माहितीपुस्तिका. ती पिशवी घरी गेल्यावर तशीच कपाटात जाते. पुढचा महिनाभर टाकी दिवसातून दोनदा पुसली जाते, आरशावरचा डाग नखाने खरवडला जातो. पण चेन कुठे आहे, असं विचारलं तर पुष्कळांना खाली वाकून शोधावी लागते. त्यात त्यांचा सगळाच दोष नाही. १०० ते १२५ सीसीच्या कित्येक गाड्यांची चेन पत्र्याच्या कव्हरात पूर्ण झाकलेली असते.

गाडीतल्या बहुतेक गोष्टी सर्व्हिसिंगच्या तारखेपर्यंत थांबतात. इंजिन ऑइल हजारो किलोमीटर चालतं, ब्रेकचे शू हळूहळू झिजतात, एअर फिल्टर मेकॅनिक उघडून बघतोच. टायरमधली हवा आणि चेन मात्र दोन सर्व्हिसिंगच्या मध्येच बिघडतात. सर्व्हिस सेंटरला गाडी तीन-चार महिन्यांनी एकदा दिसते. मधल्या काळात या दोन गोष्टी बघायच्या कोणी, तर गाडी चालवणाऱ्यानेच.

आधी हवा. पंक्चरवाला नळी हातात घेऊन विचारतो, ‘किती मारू?’ यावर सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘टाका तुमच्या अंदाजाने’. मग तो दोन्ही चाकांत सरसकट ३५ मारतो, किंवा शेजारच्या गाडीत जेवढी टाकली तेवढी. खरा आकडा गाडीवरच लिहिलेला असतो. चेनच्या कव्हरवर किंवा मागच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या स्विंगआर्मवर एक छोटं स्टिकर असतं. तिथे नसलं तर पुस्तिकेत एक तक्ता असतो. त्यात तीन आकडे बघायचे: पुढच्या चाकाचा, मागच्या चाकाचा एकट्यासाठीचा आणि मागच्या चाकाचा दोघांसाठीचा. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा कमी हवा लागते, कारण वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर येतो. मागे माणूस बसला की पुढच्या चाकावर फारसा फरक पडत नाही. वाढतो तो मागचा आकडा. काही गाड्यांत ही वाढ चारेक पीएसआय असते, तर काहींत दहाच्याही वर जाते. त्यामुळे मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावायचा नाही.

स्टिकरवर आकडे कधीकधी वेगळ्याच मापात असतात आणि वाचणारा गोंधळतो. किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असं लिहिलं असेल तर एक म्हणजे साधारण १४.२ पीएसआय, म्हणजे स्टिकरवरचे २ म्हणजे २८ पीएसआय. किलोपास्कल असेल तर २०० म्हणजे २९ आणि २२५ म्हणजे ३३. एकदा हिशेब करून ते तीन आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवले की पंक्चरवाल्याच्या प्रश्नाला कायमचं उत्तर मिळतं.

स्टिकरवरचा आकडा असतो थंड टायरचा. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे, किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चालली आहे. चालताना टायर दर फेऱ्याला दबतं आणि सुटतं, त्यातून ते तापतं, आतली हवा तापते आणि दाब वाढतो. ढोबळ हिशेब असा की टायरमधल्या हवेचं तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो.

हा हिशेब विसरला की काय होतं, ते एका प्रवासावर बघू. समजा, जानेवारीतली सकाळ आहे, साताऱ्यात १५ अंश तापमान आहे आणि नवराबायको एका बॅगेसह पुण्याला निघाले आहेत. दोघांसाठी मागच्या चाकाचा आकडा ३३ आहे आणि घरून निघताना त्याने तो नीट भरला आहे. खंबाटकी चढून-उतरून दुपारी ते पुण्याजवळ एका पंपावर थांबतात. टायर आता हाताला गरम लागतंय. आतली हवा ३९ अंशांच्या आसपास आहे. मशीन ३७ दाखवतं. ‘चार जास्त आहे, काढतो’ असं म्हणून पोरगा हवा सोडतो आणि ३३ वर आणून ठेवतो. सगळ्यांना वाटतं, काम चोख झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघताना तेच टायर पुन्हा १५ अंशांवर आलेलं असतं आणि त्यात उरलेली असते जेमतेम २९ हवा. म्हणजे दोन माणसं आणि एक बॅग घेऊन गाडी चार पीएसआय कमी हवेवर घाट चढणार. गरम टायरमधून हवा सोडायची नाही, हा नियम त्यासाठी आहे. टायर तापल्यावर दाब वाढणार, हे धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो.

पंप घरापासून दूर असेल तर? त्यावर सोपा उपाय आहे. दोन-तीनशे रुपयांत खिशात मावणारा गेज मिळतो. सकाळी घरीच थंड टायरचा दाब मोजायचा. २९ हवेत आणि गेज २५ दाखवतोय, म्हणजे चार कमी. पंपावर पोचेपर्यंत टायर तापून समजा २७ दाखवू लागलं, तर तिथे २९ करायचे नाहीत. २७ मध्ये चार मिळवून ३१ करायचे. गार झाल्यावर ते आपोआप २९ वर येतं. याच गेजमुळे पंपावरच्या मशीनचा खरेखोटेपणाही कळतो. उन्हापावसात पडलेली, कोणी न तपासलेली मशीन दोन-चार पीएसआय इकडेतिकडे दाखवतात, त्यामुळे आपला एकच गेज नेहमी वापरावा हे बरं.

अंगठ्याने टायर दाबून ‘हवा आहे’ असं ठरवण्याची पद्धत मात्र सायकलपुरती ठेवावी. मोटरसायकलच्या टायरची बाजू इतकी जाड असते की २० आणि ३० मधला फरक अंगठ्याला कळत नाही. डोळ्यांनाही कळत नाही. टायर बसलेलं दिसू लागतं तेव्हा हवा निम्म्याखाली गेलेली असते.

कमी हवेवर चालणाऱ्या गाडीची लक्षणं आधी हँडलवर कळतात. गाडी वळवताना जड लागते, वळणावर मागचा भाग हलल्यासारखा वाटतो, ॲव्हरेज खाली येतं. टायर बाजूंनी जास्त झिजतं. ट्यूब असलेल्या टायरमध्ये आणखी एक खूण बघण्यासारखी आहे: हवा भरायचा व्हॉल्व्ह. तो रिममधून सरळ वर आलेला असायला हवा. तो तिरका दिसू लागला, तर कमी हवेमुळे टायर आणि ट्यूब ब्रेकच्या झटक्यांसरशी रिमवर थोडी थोडी सरकत आहेत असं समजायचं. असंच चालू राहिलं तर व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो आणि हवा एका क्षणात जाते. पंक्चर निघतं, फाटलेला व्हॉल्व्ह निघत नाही. ट्यूबच बदलावी लागते.

उलट बाजूने, जास्त हवा भरून टायर दगडासारखं केलं की ॲव्हरेज वाढतं, असं मानणारेही पुष्कळ आहेत. ॲव्हरेज थोडं वाढतंही. पण टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा अरुंद होतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी मिळते, खड्डा थेट मणक्यात जाणवतो आणि टायर मधोमध झिजून जातं. झिजेची कायद्याने घातलेली मर्यादाही लक्षात ठेवावी: केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरच्या खाचा ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असून चालत नाहीत. मध्येच गुळगुळीत झालेलं टायर बाजूला कितीही नवं दिसलं, तरी ते संपलेलंच.

ट्यूबलेस टायरवाल्यांना वेगळी सावधगिरी हवी. खिळा घुसला तरी तो भोकात घट्ट बसून राहतो आणि हवा दिवसाला एक-दोन पीएसआय अशी मुरत जाते. दर आठवड्याला एकाच चाकाची हवा कमी भरत असेल, तर नुसती हवा भरत राहण्यात अर्थ नाही. टायरवर आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावायचं; बुडबुडा येईल तिथे गळती. व्हॉल्व्हवरची टोपी किरकोळ वाटते, पण ती नसली की धूळ आणि चिखल आतल्या पिनपर्यंत जातो आणि पिन नीट बसत नाही. नायट्रोजन भरायचा की नाही, हाही हल्ली एक प्रश्न असतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. रोजच्या वापराच्या गाडीला पैसे देऊन उरलेला भरण्यापेक्षा महिन्यातून दोनदा गेज लावणं जास्त उपयोगाचं.

स्कूटरवाल्यांचं काम इथे संपलं. त्यांच्या गाडीत चेन नसते, बंद पेटीत पट्टा असतो आणि तो मेकॅनिकने बघायचा. मोटरसायकलवाल्यांना मात्र आता खाली बसावं लागेल.

चेन ताणून घट्ट असली म्हणजे चांगली, असा समज नव्या मालकांत हमखास आढळतो. प्रत्यक्षात चेनला ठरावीक ढिलाई लागतेच. मागचं चाक खड्ड्यावरून वर-खाली होतं तेव्हा स्विंगआर्मही वर-खाली होतो आणि पुढच्या व मागच्या चक्रांमधलं अंतर बदलतं. पुढचं चक्र, स्विंगआर्मचा सांधा आणि मागच्या चाकाचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा हे अंतर सर्वांत जास्त असतं. गाडी स्टँडवर असताना चेन घट्ट असेल, तर दोन माणसं बसून गाडी दबल्यावर तिला जायला जागाच उरत नाही. मग ती गिअरबॉक्सच्या शाफ्टचं आणि मागच्या चाकाचं बेअरिंग ओढत राहते. चेन बदलणं त्यामानाने स्वस्त. गिअरबॉक्स उघडायची वेळ आली की बिलाचा आकडा वेगळाच असतो. चेन फार ढिली असली तर गिअर टाकताना आणि ॲक्सिलेटर सोडताना झटके बसतात, कव्हरावर आपटून खडखडाट होतो, आणि शेवटी चेन चक्रावरून उतरते. चालत्या गाडीत उतरलेली चेन मागचं चाक अडकवू शकते.

ढिलाई मोजायला एक पट्टी पुरते. गाडी बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पुस्तिकेत सांगितलेल्या स्टँडवर गाडी उभी. चेनच्या खालच्या बाजूचा मधला भाग बघायचा. पूर्ण कव्हर असलेल्या गाडीत त्यासाठी एक रबरी बूच असतं, ते काढलं की चेन दिसते. बोटाने ती खाली दाबायची, मग वर उचलायची आणि दोन्हींमधलं एकूण अंतर पट्टीवर वाचायचं. रोजच्या वापराच्या अनेक गाड्यांत ते २० ते ३० मिलिमीटर असावं लागतं. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत. एकदा मोजून उठायचं नाही. मागचं चाक हाताने थोडं फिरवून आणखी तीन-चार ठिकाणी मोजायचं. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी २५ आणि दुसऱ्या जागी १५ येत असेल, तर ती १५ ची जागा खरी. चेन लावायची ती त्या घट्ट जागेच्या हिशेबाने. हा फरक फार वाढला असेल तर ताणून उपयोग नाही, चेनचे दिवस भरले.

चेन ताणायचं काम गॅरेजवाला दहा मिनिटांत करतो, पण तो काय करतोय हे समजून उभं राहिलेलं बरं. तो मागच्या ॲक्सलचा नट सैल करतो आणि दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर फिरवून चाक मागे सरकवतो. स्विंगआर्मच्या दोन्ही टोकांना रेघा असतात. चाक डावीकडे ज्या रेघेवर आहे, उजवीकडेही त्याच रेघेवर हवं. नाहीतर चाक तिरकं बसतं, चेन चक्राच्या एकाच बाजूला घासते आणि गाडी एका अंगाला ओढते.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत पायाच्या ब्रेकपासून चाकापर्यंत एक दांडी जाते. चाक मागे सरकलं की ती दांडी ताणली जाते आणि ब्रेक आपोआप घट्ट होतो. चेन नीट करून आणलेली गाडी जड चालते, ॲव्हरेज देत नाही, थोडं चालवल्यावर मागचा ड्रम हाताला चटका देतो. मालक म्हणतो, चेन जास्त ताणली. चेन बरोबर असते, ब्रेक लागलेला असतो. म्हणून चेन ताणल्यावर दांडीच्या टोकाचा नट फिरवून ब्रेकची मोकळी चाल पुन्हा लावायची असते. पायाने दाबल्यावर ब्रेक धरण्यापूर्वी पेडल साधारण दोन-तीन सेंटिमीटर खाली जायला हवं. स्टँडवर चाक हाताने फिरवलं की ते मोकळं फिरतं का, आणि पेडल दाबल्यावर मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का, हे तिथेच बघून घ्यावं.

चेन साफ करून तेल लावण्याची पाळी दर ५०० ते १००० किलोमीटरला येते, आणि पावसाळ्यात त्याहूनही आधी. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात एकाच प्रवासात चेनचं तेल धुऊन निघतं आणि दोन दिवसांत तांबूस गंज दिसू लागतो. साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश आणि फडकं. पेट्रोल आणि तारेचा ब्रश टाळावा. थोड्या मोठ्या गाड्यांच्या चेनमध्ये कड्यांच्या मध्ये बारीक रबरी रिंगा असतात. कारखान्यात भरलेलं ग्रीस त्या आत धरून ठेवतात. पेट्रोलने ते रबर खराब होतं, तारेने फाटतं, आणि आतलं ग्रीस एकदा गेलं की बाहेरून कितीही तेल ओतलं तरी ते जागेवर पोचत नाही. तेल म्हणून चेन स्प्रे किंवा गिअरचं ८०/९० ऑइल चालतं. गॅरेजमध्ये बाटलीतून ओततात ते इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल फुकट असतं, पण त्यात काजळी आणि धातूचा कीस असतो. शिवाय ते पातळ असल्याने पहिल्याच फेरीत रिमवर आणि पँटवर उडतं.

तेल लावायचं चेनच्या आतल्या बाजूने, म्हणजे खालच्या पट्टीच्या वरच्या अंगाला, चाक हाताने उलटं फिरवत. गाडी फिरताना ते आतून बाहेर आपोआप जातं. प्रवास संपवून आल्यावर, चेन कोमट असताना लावलं आणि रात्रभर मुरू दिलं तर उत्तम. वर राहिलेलं जादा तेल फडक्याने पुसून टाकायचं, कारण चिकट तेलावर बसलेली धूळ कानशीसारखं काम करते. आणि काहीही झालं तरी इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनवर फडकं धरायचं नाही. फडकं ओढलं जातं आणि त्यामागून बोटं जातात. गॅरेजमधला माणूस तसं करताना दिसला तरी त्याचं अनुकरण नको.

चेन संपली कधी म्हणायची? मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून बाहेर ओढायची. ती जागची हलली नाही तर ठीक. चक्राचा अर्धा दात उघडा पडला तर बदलायची वेळ आली. ज्यांना नेमकेपणा हवा त्यांनी मोजपट्टी घ्यावी. लहान गाड्यांत सहसा ४२८ क्रमांकाची चेन असते आणि तिच्या एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर १२.७ मिलिमीटर असतं. म्हणजे नव्या चेनच्या २० कड्या, पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत, २५४ मिलिमीटर भरतात. चेन ताणून धरून हेच अंतर २५९ च्या पुढे गेलेलं दिसलं तर ती सुमारे दोन टक्के लांबली आहे. लोखंड रबरासारखं ताणलं गेलेलं नसतं. प्रत्येक पिन आणि तिच्या भोवतीचं बुश थोडं थोडं झिजतं आणि ती झीज शंभराहून अधिक कड्यांत मिळून लांबी वाढवते. लांबलेली चेन चक्राच्या दातांवर नीट बसत नाही, दात आकड्यासारखे वाकडे झिजतात. म्हणून चेन आणि दोन्ही चक्रं एकदमच, ‘चेन सेट’ म्हणून बदलतात. जुन्या चक्रांवर नवी चेन चढवून वाचवलेले पैसे फार दिवस वाचलेले राहत नाहीत.

नवी चेन बसवल्यावर तिचं लॉक स्वतः बघा. जोडकडीवर एक चपटी क्लिप असते, एका टोकाला मिटलेली आणि दुसऱ्या टोकाला उघडी. चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला क्लिपचं मिटलेलं टोक हवं. उलटी बसवली तर वाटेत कशाला तरी अडकून ती निघू शकते. गाडी नवी असली तरी पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत चेन थोडी ढिली होतेच, कारण पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये पिना आणि बुश एकमेकांवर बसत असतात.

सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉबकार्डवर दोन ओळी लिहून घ्याव्यात: चेनला तेल वॉशिंग झाल्यावर लावणे, आणि चेन ताणली तर मागचा ब्रेक पुन्हा लावणे. आधी तेल आणि मग प्रेशरचं पाणी असा क्रम झाला, तर गाडी चकाचक होऊन येते आणि चेन कोरडी.